पुढचा महिना कसा जाईल?

प्रश्न: हा आमच्या दुकानाच्या सेलचा चार्ट आहे, स्क्रीनशॉट टाकलाय. पुढचा महिना कसा जाईल?

भाऊ, चार्टवर साडी-ड्रेस मटेरियल आणि गाव चोपडा असं लिहिलंय म्हणून तेवढं धरून सांगतो. मे साधारण ९ ते ११ लाखात बसेल, आणि माल मात्र ९ च्या हिशोबानेच भरा. तुमच्या चार्टवरची ठिपक्याची ट्रेंडलाइन वर वर चाललीये तिकडे बघूच नका, तिला सीझन कळत नाही, ती सगळ्या महिन्यांमधून एक सरळ रेघ मारते आणि बस.

आधी चार्ट नीट वाचू. डावीकडचे आकडे शून्यापासून नाही, ४ लाखांपासून सुरू होतात. त्यामुळे मार्च एवढुसा आणि गेल्या वर्षीचा मे दुपटीहून मोठा दिसतो, खरं तर ७.२ आणि ११, म्हणजे दीडपट. दुसरं, शेवटचा एप्रिलचा बार अर्धवट आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात २४ एप्रिल २०२६ तारीख दिसतेय. ९.६ लाख झालेत म्हणून २४ ने भागून ३० ने गुणाल तर १२ येतील, पण ते चुकीचं, कारण यंदा आखाजी तिसऱ्या आठवड्यातच होऊन गेली, लेकी माहेरी येऊन साड्या घेऊन झाल्या, आता उरलेले दिवस थंडच जाणार. गेल्या वर्षी आखाजी ३० एप्रिलला होती म्हणजे शेवटचा आठवडा जोरात गेला असणार. म्हणून एप्रिल मी वाढ मोजायला घेतलाच नाही.

जानेवारी ते मार्च घेतले. गेल्या वर्षी बारवरून अंदाजे ७, ७.५, ६.७ आणि यंदा ७.५, ८, ७.२ (डोळ्याने वाचलंय, २०-२५ हजार इकडे तिकडे होणारच). बेरीज २१.२ ची २२.७ झाली, म्हणजे ७ टक्के वाढ, आणि तिन्ही महिन्यांत जवळपास तेवढीच, म्हणजे एखाद्या मोठ्या बिलामुळे फुगलेली नाही. गेल्या वर्षीचा मे ११, त्यावर ७ टक्के धरले की पावणेबारा लाख. साध्या वर्षी मी हाच आकडा दिला असता.

पण यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नाहीत. आणि कापडवाल्याला फटका १७ तारखेपासून बसत नाही, त्याच्या आधीच बसतो, कारण बस्ता लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी बांधतात. १६ मेपर्यंतच्या लग्नांचे बस्ते बरेचसे एप्रिलमध्येच झाले, म्हणून तर एप्रिलचा बार एवढा उंच दिसतोय, आणि मे च्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या लग्नांचे जे बस्ते मे च्या सुरुवातीला यायचे ते यंदा नाहीतच. अधिकानंतरच्या लग्नांची गर्दी दुकानात मे संपता संपता किंवा जूनमध्ये येईल. थोडी भरपाई धोंड्याच्या वाणातून होईल, जावयाला कपडे, लेकीला साडी, पण ती हजार-दीड हजाराची साडी असते, शालू नसतो. नगांची संख्या बरी दिसेल आणि गल्ला कमी.

हा फटका किती, हे तुमच्या चार्टमध्ये नाही, कारण तो जानेवारी २०२५ पासूनचाच आहे. २०२३ चा अधिक श्रावणात होता, लग्नसराईत नाही, तो कामाचा नाही. पण २०१८ ला अधिक ज्येष्ठच होता, १६ मे ते १३ जून, जवळजवळ हेच दिवस! त्या वर्षाचा टॅलीचा बॅकअप नाहीतर जुनी रोजमेळ वही काढा. मे २०१८ ला त्याच वर्षाच्या जानेवारी-मार्चच्या सरासरीने भागा. गेल्या वर्षी हे गुणोत्तर १.५६ होतं (११ भागिले ७.०७). समजा २०१८ ला १.२ निघालं, तर यंदाची सरासरी ७.५७ गुणिले १.२, म्हणजे ९.१ लाख. १.४ निघालं तर १०.६. माझी ९ ते ११ ची रेंज इथूनच आलीये, आणि वहीतला आकडा मिळाला की ती बरीच आवळता येईल.

९ च्या हिशोबाने माल भरा म्हणालो ते यासाठी की साधी साडी कमी पडली तर सुरतेहून चार-पाच दिवसांत मागवता येते, पण भारी शालू उरला आणि अधिकानंतरच्या गर्दीतही गेला नाही तर तो तुळशीच्या लग्नापर्यंत कपाटातच, पैसा अडकला.

तुमचं दुकान लग्नाच्या मालावर कमी आणि रोजच्या गिऱ्हाइकावर जास्त चालत असेल तर मात्र मी फटका जास्त धरलाय, मग ११ च्या जवळ जाल. ५ हजाराच्या वरची बिलं मे २०२५ मध्ये एकूण किती लाखाची होती तेवढं बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढून इथे टाका, आणि सोबत २०१८ चे चार महिने. उत्तरात आकडा बदलून देतो.