एकच रिएजंट दोन गटांत आला तर सारांश तक्त्यात कसा लिहावा?

प्रश्न: अभिक्रियांच्या प्रकारानुसार तक्ता केलाय, पण KOH सबस्टिट्यूशनमध्येही येतो आणि एलिमिनेशनमध्येही. परीक्षेत गोंधळ होतो. काय करू?

उत्तर: दोन्ही गटांत लिहा, पण रिएजंटच्या रकान्यात नुसतं KOH कधीच लिहू नका. द्रावक आणि तापमान त्याच चौकटीत हवं, कारण उत्पादन त्यावरच ठरतं.

2-ब्रोमोब्युटेन घ्या. सबस्टिट्यूशनच्या ओळीत ‘जलीय KOH, उष्णता’ आणि उत्पादन ब्युटेन-2-ऑल. एलिमिनेशनच्या ओळीत ‘इथेनॉलमधला KOH, जास्त उष्णता’ आणि उत्पादन मुख्यतः ब्युट-2-ईन, थोडं ब्युट-1-ईन. पाण्यात OH⁻ प्रामुख्याने कार्बनवर हल्ला करून Br ची जागा घेतो. इथेनॉलमध्ये इथॉक्साइडही तयार होतं आणि बेस शेजारच्या कार्बनवरचा H काढून घेतो. दुहेरी बंधाच्या कार्बनांवर जास्त अल्किल गट असलेला अल्कीन अधिक स्थिर, म्हणून ब्युट-2-ईन जास्त मिळतं. दोन्ही ओळींना ‘पाहा: दुसरा गट’ अशी खूण करा, हा दुवा नसला की गटवार तक्ता हमखास फसवतो.

आणखी एक रकाना हवाच: हॅलाइड प्राथमिक, द्वितीयक की तृतीयक. तृतीयकाला तीव्र बेस दिला तर एलिमिनेशनच वरचढ ठरतं. प्राथमिकाला इथेनॉलमधला KOH दिला तर बऱ्याचदा इथरच जास्त मिळतो, अल्कीन कमी. इथे पाठ्यपुस्तकी तक्ते फार सोपं करून सांगतात.

तक्ता तपासताना उत्पादनाचा रकाना झाका आणि फक्त अटी वाचून उत्पादन लिहा. अडलात, तर त्या ओळीत एखादी अट लिहायची राहिली आहे का ते आधी बघा.