आईचा आवाज आणि अठराशे रेकॉर्डिंग

"आई गेली त्याला दीड वर्ष झालं. फोनमध्ये अठराशे कॉल रेकॉर्डिंग आहेत. जागा संपली म्हणून फोन अडून बसलाय. पुसवत नाही, ऐकवतही नाही. काय ठेवू?"

पहिल्या भेटीत मी या ताईंना निवड करूच दिली नाही. आधी आपोआप होणारं रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं आणि सगळ्या फाइल जशाच्या तशा दोन ठिकाणी उतरवून घ्यायला लावल्या, एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर. 'पुसलं तर परत मिळणार नाही' ही धास्ती असताना बोट थरथरणारच. उतरवताना फाइलची तारीख कधीकधी बदलते, म्हणून नावातली तारीख आणि नंबर तसाच ठेवायला सांगितला.

दुसऱ्या भेटीत हिशेब मांडला. सरासरी चार मिनिटांचा कॉल धरला तरी अठराशे कॉल म्हणजे एकशे वीस तास. सगळं ऐकून ठरवणं शक्यच नव्हतं. मग फाइल नंबरानुसार लावल्या. बँक, कुरिअर, अनोळखी नंबर असे निम्म्याहून जास्त कॉल न ऐकताच गेले. आईचे उरले दोनशे दहा.

मध्ये भावाबरोबरच्या भांडणांचे चाळीसेक कॉल निघाले. ताई ते रात्री पुन्हा पुन्हा ऐकत होत्या, हे तेव्हा कळलं. मला खरी काळजी त्यांचीच वाटली. घराच्या वाटणीचा वाद अजून मिटलेला नव्हता, त्यामुळे पुसा म्हणणं चुकीचं ठरलं असतं. पुढे वकिलांना लागले तर मूळ फाइल हवी, काटछाट केलेली नव्हे. ते कॉल पेन ड्राइव्हवर गेले, तो त्यांच्या मावशीकडे ठेवायला दिला, आणि फोन व लॅपटॉप दोन्हींवरून काढले. आठवड्याभरात झोप थोडी सुधारली, असं त्यांनी सांगितलं.

आईचे कॉल आम्ही एका भेटीत वीसच मिनिटं ऐकायचो. ताईंना वाटत होतं, शेवटचा कॉल सगळ्यांत मोलाचा. तो लावला, तर दवाखान्यातला गोंगाट आणि आईचा थकलेला, तुटक आवाज. ताई म्हणाल्या, "ही माझी आई नाही." तो कॉल त्यांनी पुसला नाही, पण निवडीतही घेतला नाही. त्यांनी निवडले ते अगदी साधे कॉल. एकात आई शेजारणीची नक्कल करत हसते. एकात नुसतं विचारते, "जेवलीस का गं?" माहितीसाठी ठेवायचं तर वहीत एक ओळ पुरते, आवाजासाठी ठेवायचं तर तो आवाज तिचा वाटला पाहिजे, एवढाच निकष आम्ही लावला.

चॅटमधले व्हॉइस मेसेज चॅट पुसलं की हातचे जाऊ शकतात, म्हणून तेही वेगळे उतरवून घेतले.

फोनवर आता चौदा फाइल आहेत. प्रत्येकीला ताईंनी स्वतः नाव दिलंय: तारीख, आणि पुढे "आई हसते", "आई रागावली". बाकीचे आईचे कॉल लॅपटॉपवर आहेत. ते कधी ऐकायचे, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि मीही घाई केलेली नाही.