सावळी स्किन, कलर पेन्सिलने

प्रश्न: आजोबांचं पोर्ट्रेट करतोय, स्किन ब्राउनने रंगवली की मातीसारखी सपाट दिसते, काय करू?

ब्राउन सगळ्यात शेवटी घ्या. इथे इंदूरला मी आईचा चेहरा केला तेव्हा आधी सगळीकडे यलो ऑकरचा हलका थर दिला, फक्त कपाळ नि नाकाच्या शेंड्यावरची चमक कोरी सोडली, त्यावर बर्न्ट सिएना, गाल-कानांना जरा जास्त कारण तिथे लाली असते, आणि मग डार्क ब्राउन. सावलीत काळा नकोच, राख फासल्यासारखं दिसतं, हनुवटीखाली इंडिगो टाकून वरून परत सिएना फिरवा. आणि हात हलका हं, सुरुवातीलाच दाबलं तर कागदाचे दाणे मेणाने भरतात, पेन्सिल घसरते नि पुढचा रंग बसतच नाही.