होस्टेलच्या नेटला पीएस फोर आणि किंडल जोडताना कुठला मॅक अ‍ॅड्रेस द्यायचा?

*होस्टेलच्या वायफायवर माझा लॅपटॉप आयडी-पासवर्ड टाकून चालतो, पण पीएस फोर आणि किंडल काही केल्या जोडले जात नाहीत. कॉलेज म्हणतंय आधी डिव्हाइस अप्रूव्हल घ्या आणि फॉर्ममध्ये मॅक अ‍ॅड्रेस मागतंय. तो नेमका कुठला द्यायचा?*

दोन्हींचा वेगळा द्यायचा. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा त्याचा स्वतःचा आकडा. किंडलचं सोपं आहे, त्यात तो एकच असतो, पण पीएस फोरचं आधी ठरवायला लागेल की तो वायफायवर चालवणार का केबलवर, कारण त्या एका डब्यात दोन मॅक अ‍ॅड्रेस असतात आणि तुम्ही जो द्याल तेवढ्यालाच परवानगी मिळते. मी रत्नागिरीकडच्या एका कॉलेजात होस्टेलचं नेटवर्क बघतो, आणि दर जून-जुलैमध्ये अप्रूव्ह होऊनही न चाललेली जी यंत्रं माझ्याकडे येतात त्यातली बरीचशी ह्याच एका कारणाने अडकलेली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅपटॉप का चालतो ते आधी बघा. होस्टेलचं मुख्य वायफाय प्रत्येकाचा स्वतःचा आयडी आणि पासवर्ड विचारतं, त्या प्रकाराला डब्ल्यूपीए टू एंटरप्राइज म्हणतात, बऱ्याच विद्यापीठांत असतं ते एज्युरोम वायफायही ह्याच पद्धतीचं. पीएस फोर आणि किंडल दोघांनाही हा प्रकार येतच नाही, त्यांना फक्त एक पासवर्ड असलेलं साधं वायफाय कळतं. त्यामुळे तुम्ही कितीही वेळा पासवर्ड टाकलात तरी त्या नेटवर्कवर ती जाणार नाहीत, अप्रूव्हल मिळाल्यावरसुद्धा नाहीत. म्हणून कॉलेजं अशा यंत्रांसाठी दुसऱ्या नावाचं एक वायफाय ठेवतात, आणि तिथे माणसाची ओळख पटवता येत नाही म्हणून यंत्राची पटवतात, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस बघून. नेटवर्क रूमला पहिला प्रश्न हाच विचारा, की रजिस्टर केलेल्या यंत्रांसाठी कुठल्या नावाचं वायफाय आहे. हे फॉर्मवर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं आणि पोरं मुख्य वायफायवरच डोकं आपटत बसतात.

आता पीएस फोरवर आकडा कुठे मिळतो ते. `Settings` मध्ये `System` आणि त्यात `System Information` उघडा. तिथे दोन ओळी दिसतील, `MAC Address (LAN Cable)` आणि `MAC Address (Wi-Fi)`. गेल्या वर्षी दापोलीकडच्या एका पोराने नेमकी ह्यात चूक केली. त्याने केबलवाला आकडा उचलून फॉर्ममध्ये भरला, दोन दिवसात अप्रूव्ह झाल्याचा मेल आला, आणि तो खोलीत वायफाय जोडत बसला. वायफाय जोडलं जायचं, सिग्नलच्या दांड्या दिसायच्या, पण गेमच्या अकाउंटला लॉगिन होईना. "सर, तुम्ही अप्रूव्ह केलंच नाहीये बहुतेक" असं म्हणत आला. मी त्याला म्हटलं `Settings` मध्ये `Network` आणि त्यात `Test Internet Connection` लाव आणि त्या स्क्रीनचा फोटो काढून आण. फोटोत `Obtain IP Address` समोर `Successful` होतं आणि `Internet Connection` समोर `Failed`.

ही जोडी ओळखून ठेवा, कारण त्यातच सगळं कळतं. आयपी म्हणजे नेटवर्क यंत्राला देतं तो पत्ता, तो मिळाला म्हणजे वायफायचा पासवर्ड बरोबर आहे, सिग्नल ठीक आहे, पण नेटवर्कने ह्या यंत्राला बाहेर सोडलेलं नाही, अनोळखी यंत्रांच्या कोपऱ्यात बसवून ठेवलंय. मी माझ्या बाजूला लॉग उघडला तर त्याच्या खोलीतून यादीत नसलेला एक मॅक अ‍ॅड्रेस सारखा येत होता, आणि तो त्याच्या स्क्रीनवरच्या वायफायच्या ओळीशी तंतोतंत जुळत होता. यादीत तो आकडा घातला, पण लगेच चाललं नाही, कारण पीएस फोरने जुनाच आयपी धरून ठेवलेला. पूर्ण बंद करून, म्हणजे रेस्ट मोड नाही, खरंच बंद करून परत चालू केल्यावर नवीन आयपी आला आणि सुरू झालं. त्यामुळे अप्रूव्हलचा मेल आला की आधी यंत्र बंद-चालू करा आणि मगच तक्रार करा.

ह्याच्या उलट `Obtain IP Address` लाच `Failed` येत असेल तर अप्रूव्हलला बोल लावण्याआधी पासवर्ड आणि केबल तपासा. काही कॉलेजांत अनोळखी यंत्राला आयपीच देत नाहीत, तेव्हा तेही कारण असू शकतं, पण आमच्याकडे केबलचं प्रकरण फार आहे. समुद्र जवळ, खारी हवा, त्यात चार महिने पाऊस, भिंतीतल्या लॅन पोर्टच्या बारीक पिना हिरव्या पडतात. एकदा मी एका खोलीत बॅटरी मारून बघितलं तर आठातल्या तीन पिनांवर चक्क शेवाळासारखा थर होता. त्याच पोर्टला लॅपटॉप केबलने लावून बघा, लॅपटॉपलाही काही मिळत नसेल तर पोर्ट बदलून मागा, मॅक अ‍ॅड्रेसचा काही संबंध नाही.

अजून एक, पीएस फोर पहिल्या पिढीचा असेल, 2013 ला आला तो जाड मॉडेल, तर त्याला फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं. स्लिम आणि प्रोला 5 गिगाहर्ट्झपण दिसतं. तुमच्या फोनला जे नाव दिसतंय ते पीएस फोरच्या यादीत येतच नसेल तर हे कारण असू शकतं. जुन्या किंडलांचंही असंच आहे.

आकडा लिहिताना घाई करू नका. मॅक अ‍ॅड्रेस बारा अक्षरांचा असतो, त्यात 0 ते 9 आणि A ते F एवढंच येतं. म्हणजे गोल दिसतंय ते नेहमी शून्यच, इंग्रजी ओ कधीच नाही. घोटाळा होतो तो B आणि 8 मध्ये, आणि D आणि 0 मध्ये. स्क्रीनचा फोटो काढा आणि फोटो मोठा करून बघत टाईप करा. हे तीनही एकच आहेत, फक्त लिहायची पद्धत वेगळी:

```
00:00:5E:00:53:B8
00-00-5E-00-53-B8
00005E0053B8
```

फॉर्म पहिल्या दोन प्रकारांना एरर देत असेल तर तिसऱ्या प्रकारे टाकून बघा.

आता किंडल. `Settings` मध्ये `Device Options` आणि त्यात `Device Info`. तिथे `Wi-Fi MAC Address` आणि `Serial Number` दोन्ही जवळजवळ दिसतात, आणि लोक सिरीयल नंबर भरतात. सिरीयल सोळा अक्षरांचा असतो, त्यामुळे मोजलंत तरी चूक कळेल. दुसरा गोंधळ शब्दाचा आहे. किंडल स्वतःच `Registered` असं दाखवतं, पण ते अ‍ॅमेझॉनच्या अकाउंटचं रजिस्ट्रेशन, कॉलेजचं नाही. एका मुलीने मला आठवडाभर सांगितलं की माझं किंडल रजिस्टर्ड आहे, आणि ती खरंच बोलत होती, फक्त आमच्या यादीत ते नव्हतं. अप्रूव्हल झालं की किंडलवर `Airplane Mode` एकदा चालू करून बंद करा, वायफाय नव्याने जोडलं जातं.

किंडलला होस्टेलमध्ये वायफाय मिळणं आता आधीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. पूर्वी विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकता यायचं, अ‍ॅमेझॉनने ती सोय 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद केली. तुमच्या स्वतःच्या फाईली अजून यूएसबीने जातात, पण विकत घेतलेलं पुस्तक यंत्रावर बहुतेक वेळा थेट नेटनेच येतं. अप्रूव्हल लांबलं तर तोवर फोनच्या हॉटस्पॉटवर पुस्तकं उतरवून घ्या, पुस्तकाला डेटा फार लागत नाही. हॉटस्पॉटचा अजून एक उपयोग म्हणजे तपासणी. हॉटस्पॉटवर यंत्र चालतंय आणि कॉलेजच्या वायफायवर नाही म्हणजे यंत्र धडधाकट आहे, अडचण नावाची, पासवर्डची नाहीतर यादीची आहे. हे मेलमध्ये लिहिलंत तर नेटवर्क रूमवाल्याचा अर्धा दिवस वाचतो.

आणि एक कळकळीने सांगतो, अप्रूव्हलला उशीर होतोय म्हणून खोलीत स्वतःचा राऊटर आणून भिंतीच्या पोर्टला लावू नका. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी भर पावसात, संध्याकाळी सातच्या सुमारास, एका मजल्याचं केबलवरचं नेट बसलं. बघतो तर लॅपटॉपांना 192.168.0 ने सुरू होणारे आयपी मिळालेले, जे आमच्या नेटवर्कमध्ये नाहीतच. एका खोलीत राऊटर होता आणि भिंतीची केबल त्याच्या बाहेरून नेट घ्यायच्या वॅन पोर्टऐवजी आतल्या यंत्रांसाठीच्या लॅन पोर्टला लावलेली, त्यामुळे तो राऊटर सगळ्या मजल्याला आयपी वाटायला लागला होता. दुसऱ्या दिवशी मुलांची सबमिशन होती, मी आणि रेक्टर रात्री साडेदहापर्यंत खोली खोली हिंडत होतो. त्या पोराने बिचाऱ्याने मुद्दाम नव्हतं केलं, त्याला फक्त कन्सोल जोडायचा होता. मित्राच्या लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस राऊटरवर कॉपी करायचा सल्लाही कोणी देईल, तोही नको, एकच आकडा दोन ठिकाणी दिसला की दोघांचंही नेट अडखळतं आणि वापराची नोंद मित्राच्या नावावर जाते.

सगळं जमल्यावर त्याच टेस्टमध्ये `NAT Type` अशी ओळ दिसेल. तिथे `Type 3` आलं तर घाबरू नका, अप्रूव्हल बरोबर आहे, गेम डाऊनलोड आणि अपडेट होतील, पण मित्रांबरोबर ऑनलाईन खेळताना आवाज न येणं किंवा पार्टीत जोडलं न जाणं असं होऊ शकतं. ते फायरवॉलमुळे असतं, तुमच्या बाजूने काही बदलून उपयोग नाही, आणि सगळ्या होस्टेलसाठी तो नियम सैल करणं कॉलेजला परवडतंच असं नाही. विचारून बघा, काही ठिकाणी रात्रीपुरतं मोकळं करतात.

फॉर्म भरताना मुदतही विचारून घ्या. आमच्याकडे नोंद शैक्षणिक वर्षापुरतीच असते, मे महिन्याच्या सुट्टीत यादी रिकामी होते, आणि गावाहून परत आलेल्या मुलांना वाटतं कन्सोल बिघडला. आकडा बदललेला नसतो, त्यामुळे पहिल्या वेळचा तो फोटो फोनमध्ये जपून ठेवलात तर जूनमध्ये तोच परत भरायचा.