सकाळचा चेहरा आणि संध्याकाळचा चेहरा

प्रश्न: सकाळ-संध्याकाळच्या फोटोत माझा चेहरा वेगळाच दिसतो. खरंच बारीक झालेय की नुसती सूज उतरलीये, कसं ओळखायचं?

उत्तर: वेगवेगळ्या वेळांचे दोन फोटो शेजारी ठेवून काही कळत नाही, एवढं आधी सांगते. आमच्या घरात ह्याच्यावरून चार महिने अबोला होता म्हणून लिहितेय.

चतुर्थीनंतर माझ्या जावेनं कसलीशी पावडर घ्यायला सुरुवात केली आणि बाराव्या दिवशी घरच्या ग्रुपवर दोन फोटो टाकले, पहिल्यात गाल टमटमीत, दुसऱ्यात जबड्याची रेघ दिसतेय. सगळे वा वा करायला लागले. मी एवढंच विचारलं, पहिला किती वाजताचा गो? सकाळी 6.30 चा, आणि आदल्या रात्री पेजेबरोबर खारवलेला बांगडा सगळ्यांनीच हाणलेला! दुसरा संध्याकाळी 7 चा. झालं, मी जळते म्हणे.

मग मी रागानं स्वतःवरच करून बघितलं. रात्री तसाच बांगडा खाल्ला, फोन फ्रिजवर टेकवला, दीड मीटरवर उभी राहून टायमरनं 6.30 ला आणि 7 ला फोटो काढले. हातात धरून सेल्फी नको, जवळून नाक मोठं आणि गाल अरुंद दिसतात. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर बदलत नाही, म्हणून दोन्ही फोटो ते अंतर पट्टीवर 40 मिमी येईल एवढे झूम केले आणि ओठांच्या रेषेत चेहऱ्याची रुंदी मोजली. सकाळी 82, संध्याकाळी 79. म्हणजे पावडर न घेता एका दिवसात 3 मिमी "बारीक"! मिठामुळे पाणी धरून राहतं, रात्री आडवं झोपल्यावर ते चेहऱ्याकडे येतं आणि दिवसभर उभं राहिलं की खाली उतरतं, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ बघा.

नंतर मी तीन महिने रोज चालले, 4 किलो उतरले. तेव्हा सकाळी 6.30 ला मोजलं तर 78. आताची सुजलेली सकाळ तेव्हाच्या उतरलेल्या संध्याकाळपेक्षा कमी भरली, तर त्याला मी बारीक होणं म्हणते. जावेला हे पट्टी घेऊन दाखवलं, तर म्हणते तुझा फोन वेगळा आहे. बारा दिवसांत काट्यावर एक-दोन किलो गेले असतील, पण डाएटच्या पहिल्या आठवड्यात जातं ते बरंचसं पाणीच.

एका फोटोवर मात्र जाऊ नका, लागोपाठ तीन-चार सकाळी काढा, पाळीच्या आधीचे दिवस सोडून. मान खाली-वर झाली तरी मिमी बदलतात. आणि सूज दुपारपर्यंतही उतरत नसेल किंवा पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल तर पट्टी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, किडनी किंवा थायरॉईडचंही असू शकतं.