पुढून नाही, पाठीमागून फोटो पाठवा

जुने टेपरेकॉर्डर, टर्नटेबल, ॲम्प्लिफायर यांचे दर आठवड्याला माझ्याकडे फोटो येतात, त्यांपैकी बहुतेक समोरून काढलेले असतात: चकाकती पट्टी, नाव आणि खाली एक ओळ, ‘किती येतील?’ नावाच्या पट्टीवरून मला फारसं काही सांगता येत नाही. मागची सॉकेट, तळाचे स्क्रू, आतले व्हॉल्व्ह दिसले तर बोलता येतं. या वेळची पत्रंही त्याच गोंधळाची आहेत.

आमच्या रिळाच्या टेपरेकॉर्डरला हिरवा चमकणारा डोळा आहे. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, तो दुसऱ्या महायुद्धातला असणार. खरं का?

नाही. फोटोत लांबट पट्टी आहे, ती आवाजाची पातळी दाखवणाऱ्या ईएम 84 जातीच्या व्हॉल्व्हची दिसते, म्हणजे 1950 च्या दशकाचा शेवट किंवा 60 चं दशक. गोल डोळा जुना, पण तोही युद्धानंतर बरीच वर्षं वापरात होता, तेव्हा नुसत्या डोळ्यावरून युद्ध शोधू नका.

मागे नेहमीच्या लाल-पांढऱ्या सॉकेटऐवजी पाच भोकांचं गोल सॉकेट आहे. कुणी बदललं असेल का? कापून नवीन बसवू का?

बदललेलं नाही, कापू नका. ती जर्मन पद्धत, डिन सॉकेट. जर्मन आणि डच यंत्रांवर ते असायचंच. तयार जोडवायर मिळते.

काकांनी अमेरिकेतून आणलेला रीळ रेकॉर्डर आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला, पण गाणी मंद आणि घोगरी येतात. दुकानदार म्हणतो, मोटर दमली आहे, नवीन घाला. यामुळे किंमत कमी होईल का?

मोटर दमलेली नाही, दुकानदाराने तपासलेलंच नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट 230 वरून 117 वर आणतो, पण विजेच्या लहरी बदलत नाही. तिकडे सेकंदाला 60, आपल्याकडे 50. त्या काळच्या अनेक रेकॉर्डरच्या मोटरचा वेग या लहरींवर बांधलेला असतो, म्हणून यंत्र मूळ वेगाच्या सुमारे 83 टक्क्यांनी फिरतं. काळी एकमध्ये गायलेलं गाणं खाली काळी पाचमध्ये, किंबहुना त्याहून किंचित उतरून ऐकू येतं. बासरीवाल्याला ताबडतोब कळेल.

उपाय असतो तो मोटरच्या पुलीत. काही कंपन्या 50 आणि 60 साठी वेगळ्या जाडीची पुली किंवा त्यावर बसवायची नळी देत. पेटीत किंवा झाकणाखाली चिकटवलेली एखादी छोटी धातूची नळी सापडते का बघा, ती टाकून देऊ नका. यंत्राबरोबर दोन्ही असतील तर घेणाराही मिळतो. रेव्हॉक्स ए 77 सारख्या यंत्रात टेप ओढणाऱ्या मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळलेला असतो, तिथे ही भानगड नाही. तुमचं यंत्र कोणत्या जातीचं आहे हे माहीतगार मेकॅनिकला दाखवूनच ठरवा.

एकजण गॅरार्ड 301 टर्नटेबल विकतो आहे. हॅमर फिनिशचा करडा रंग, एकदम नव्यासारखा. म्हणतो, ग्रीस बेअरिंगचा पहिला, 1954 चा माल, जपानमध्ये याच्या दुप्पट मिळतात. पटकन घ्या म्हणतो. घ्यावा का?

‘पटकन’ म्हणणाऱ्याला आधी चहा पाजा आणि वेळ काढा. इथे मी जरा लांब बोलणार आहे, कारण या एका यंत्रावर माझ्याकडे येणाऱ्या चुकीच्या समजुतींचं पोतं भरेल.

पहिली गोष्ट, ‘गॅरार्ड’ हे नाव पुरेसं नाही. स्विंडनच्या या कंपनीने साध्या घरगुती वापराची असंख्य यंत्रं बनवली. एसपी 25 हे त्यांतलं, पत्र्याच्या चौकटीचं, सुईचा आर्म त्याच चौकटीवर बसवलेला. 301 ला स्वतःचा आर्म नसतोच. तो फक्त तबकडी फिरवणारा ओतीव धातूचा भाग, आर्म वेगळा घेऊन लाकडी पेटीवर बसवायचा. मूळ चौकटीवरच आर्म असलेल्याला कुणी 301 म्हटलं तर तिथेच नमस्कार करून निघा.

आता ग्रीस. सुरुवातीच्या 301 मध्ये मधला दांडा ग्रीसमध्ये फिरे. खालून बघितलं की बेअरिंगच्या बाजूला एक फिरवायची टोपी दिसते, ती पिळून ग्रीस आत ढकलायचं. साधारण 1957 नंतर तेलाचं बेअरिंग आलं, त्याला ही टोपी नाही. शौकीन ग्रीसवाल्याला जास्त पैसे देतात. आवाजात फरक आहे की नाही यावर भांडण चालूच आहे, मी त्यात पडत नाही.

पण बेअरिंग स्क्रू काढून बदलता येतं, आणि हाच माझा जुना राग. जुन्या यंत्राचं बेअरिंग नव्यात बसवतात, वर करडा रंग मारतात, आणि ‘1954’ तयार. मी एकदा असाच एक तपासायला उलटा केला होता. टोपी होती, ग्रीस ताजं होतं. पण बेअरिंगच्या स्क्रूंच्या खाचांवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे पांढरे ओरखडे होते, आणि आसपासच्या स्क्रूंवर साठ वर्षांचा मळ जसाच्या तसा. भोकांच्या कडांवर रंगाचे दोन थर होते: वर करडा, नखाने खरवडल्यावर खाली क्रीम. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘साफ करताना उघडलं असेल.’ असेलही. पण मग 1954 ची किंमत नको. ते यंत्र वाजत छान होतं, नंतरच्या क्रीम रंगाच्या यंत्राच्या भावात चांगलं होतं.

तुमच्याकडे करायचं ते इतकंच: तबकडी उचलून बाजूला ठेवा, खाली टॉर्च मारा, स्क्रू आणि भोकांच्या कडा बघा. तबकडीला आतून घासणारी रबरी चकती बोटाने फिरवा. तिच्यावर सपाट खळगा असेल तर वाजताना ‘धप-धप’ येईल. पर्यायी चकती मिळते, पण मूळ असल्यास ती जपून द्यायला सांगा. आणि यंत्र स्वतःच्या घरी असेल तर विकण्याआधी रंगरंगोटी मुळीच करू नका. जुना रंग खरवडलेला असला तरी तोच पुरावा. अंतिम भाव मात्र हातात घेऊन बघणाऱ्या जाणकाराकडूनच ठरवा, फोटोवरून नाही.

आजोबांचा गणेशोत्सवात लाउडस्पीकरला लावायचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. दोन व्हॉल्व्हवर बीईएल आणि दोनांवर मुलार्ड, खाली बारीक बी7डी2 कोरलंय. वर्ष सांगाल का?

बीईएल म्हणजे बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स. संच बाहेरचा असेल तर ते व्हॉल्व्ह इथे बदललेले असणार. मुलार्डच्या खुणेत बी म्हणजे ब्लॅकबर्न कारखाना, 7 हा वर्षाचा शेवटचा आकडा, डी चौथा महिना, शेवटचा 2 म्हणजे दुसरा आठवडा. पण 1957 की 1967, हे खूण सांगत नाही. आणि व्हॉल्व्हचं वर्ष म्हणजे ॲम्प्लिफायरचं वर्ष नव्हे. गोल डब्यासारख्या मोठ्या कपॅसिटरवर तारीख छापलेली असेल तर ती जास्त भरवशाची, तेही कुणी बदलला नसेल तर. स्वतः झाकण उघडू नका. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात.

चाळीस वर्षं बंद असलेला रेकॉर्डर एकदा लावून बघू का?

नाही. वाळलेले कपॅसिटर फुटतात. मेकॅनिककडे न्या. तो व्होल्टेज हळूहळू चढवत सुरू करेल.

रेकॉर्डर विकतो आहोत. बरोबरची रिळं फेकायची का?

थांबा. रीळ उजेडासमोर आडवं धरा. पट्ट्यांच्या थरांतून उजेड आरपार आला तर ती ॲसिटेटची, जुनी आणि ठिसूळ आहे, कडकडून तुटते. ती घरच्या यंत्रावर वाजवू नका. आतल्या आवाजाची प्रत ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्याकडून करून घ्या, मग यंत्राचा सौदा करा. गिऱ्हाईक रिळांचे वेगळे पैसे देत नाही, पण ‘त्याच्यासोबत द्या’ म्हणून उचलून मात्र नेतं.