फ्रीकॅडमध्ये ब्रॅकेट कमी वाकतो, खरा जास्त. का?

«एल ब्रॅकेट, ४० x ५ पट्टी, आडवा हात १५० मिमी. टोकाला १० किलो लावले की फ्रीकॅड १.२५ मिमी दाखवतंय, डायल गेजवर २ मिमी. कुठं चुकतंय?»

भाऊ, तुम्ही उभ्या पायाची सगळी मागची बाजू फिक्स केलेली दिसते. हाताने काढलं तरी नुसत्या आडव्या हाताचं FL³/3EI १.२६च येतं, म्हणजे सॉल्वर बरोबर आहे. पण खरा ब्रॅकेट फक्त बोल्टपाशी धरलेला असतो, वरचा बोल्ट कोपऱ्याच्या ३० मिमी खाली असेल तर तेवढा तुकडा भिंतीपासून सुटून वाकतो आणि टोकाला अजून पाऊण मिमी देतो, झाले की दोन! लोड लावून कोपऱ्यामागं कागद सरकतो का बघा. सरकला तर मागच्या फेसवर वॉशरएवढा गोल कापून तेवढाच फिक्स करा, मेश सेकंड ऑर्डरच ठेवा, फर्स्ट ऑर्डर टेट उगाच कडक वागतात.

आणि दुसरा डायल बोल्टपाशी लावा राव, वाळूजच्या कुठल्याही शॉपात मिळेल, बऱ्याचदा अँगलचा स्टँडच हलत असतो. वजन काढल्यावर काटा शून्यावर आला नाही तर बोल्ट सरकलाय, कारण ताण जेमतेम ९० एमपीए आहे, माइल्ड स्टील तेवढ्यानं कायमचं वाकत नाही.